मांडवाचं बिल कसं वाचावं: दिवस, खुर्ची आणि जादा दिवे

मंडपवाल्याला विचारलं की उत्तर तीन तुकड्यांत येतं. मांडव दिवसाला इतका, खुर्ची नगाला इतकी, आणि लाइट जादा लागली तर तिचं वेगळं. ऐकायला सोपं वाटतं. लग्न उरकल्यावर हातात पडणारं बिल मात्र या तीन तुकड्यांशी जुळत नाही, आणि मग घरात एकच शब्द फिरतो: फसवलं.

मी काही वर्षं संध्याकाळी एका मंडपवाल्याचा हिशेब लिहायला बसत असे. तिथे जे भांडण मी पुन्हापुन्हा ऐकलं ते दराचं नसायचंच. दर दोघांनाही मान्य असायचा. ‘दिवस’ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मात्र आधी कुणी बोललेलं नसायचं. गिऱ्हाइकाच्या मनात दिवस म्हणजे लग्नाचा दिवस, आणि मालकाच्या मनात दिवस म्हणजे माल गोदामाबाहेर असल्याचा दिवस. दोघंही आपापल्या जागी खरे.

खालचं उदाहरण पैशांत मांडलेलं नाही, कारण दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात. त्याऐवजी एक माप घेऊ या. एका साध्या प्लास्टिक खुर्चीचं एका दिवसाचं भाडं म्हणजे १ माप. बाकी सगळं त्याच मापात. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्याकडचे आकडे घातले की रीत तीच राहते. खरं तर कुठलंही दरपत्रक हातात आलं की मी ते आधी असंच खुर्चीच्या मापात करून घेतो. एका जादा दिव्याला बारा खुर्च्यांचं भाडं पडतंय असं दिसलं की कशावर बोलायचं आणि काय सोडून द्यायचं ते लगेच उमगतं.

पहिली पायरी: दराआधी वेळापत्रक

मंडपवाल्याला भेटण्याआधी एका कागदावर तासांसकट चार गोष्टी लिहा. जागा तुमच्या ताब्यात कधी येते, पहिला कार्यक्रम किती वाजता सुरू होतो, शेवटचा किती वाजता संपतो, आणि जागा रिकामी करून कधी द्यायची आहे. पहिली आणि चौथी गोष्ट लोक लिहीत नाहीत, आणि बिल फुगतं ते नेमकं या दोन टोकांना.

आपलं उदाहरण असं. लग्न दोन दिवसांचं आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी ६ ते ११ छोटा कार्यक्रम, १२० माणसं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रात्री ११ पर्यंत मुख्य सोहळा, ४०० माणसं. जागा आदल्या संध्याकाळी मिळते आणि तिसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मोकळी करून द्यायची आहे.

आता या कागदावर किती दिवस आहेत? घरच्यांना विचारलं तर दोन. तारखा मोजल्या तर आदली संध्याकाळ धरून चार. माल प्रत्यक्ष किती तास बाहेर आहे ते पाहिलं तर जवळपास पावणेतीन दिवस. दर मागण्याआधी मंडपवाल्यापुढे हाच कागद ठेवायचा आणि विचारायचं, ‘यातले तुम्ही किती दिवस लावणार?’ उत्तर आल्याशिवाय दराचा आकडा ऐकून काही उपयोग नाही.

दुसरी पायरी: मांडव किती मोठा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण स्वतःचा आकडा हातात हवा. नाहीतर मांडवाचा आकार मंडपवाल्याच्या गोदामात जो पडून असेल तो ठरतो.

रांगेत खुर्च्या मांडून बसायचं असेल तर माणशी साधारण ८ चौरस फूट धरा. त्यात मधल्या वाटा येतात. वाढून घेऊन जेवायची सोय असेल तिथे एका वेळी जितके लोक जेवतील त्यांना माणशी १० चौरस फूट. स्टेज आणि त्याच्यासमोरची मोकळी जागा वेगळी. ४०० जणांना बोलावलं तरी ४०० जण एका क्षणी बसलेले नसतात. काही येत असतात, काही जेवत असतात, काही बाहेर उभे राहून गप्पा मारत असतात. आपण २५० खुर्च्या धरू. त्यांना २००० चौरस फूट, स्टेज आणि समोरच्या जागेला ७००, एका वेळी १०० जण जेवणारे त्यांना १०००. एकूण ३७००.

पण मांडव ३७०० चौरस फुटांचा येत नाही. तो खांबांच्या गाळ्यांनी वाढतो. गाळा २० बाय २० फुटांचा असेल तर एका गाळ्याचे ४०० चौरस फूट होतात. नऊ गाळ्यांत आपण मावत नाही, म्हणून दहा घ्यावे लागतात. म्हणजे ४० बाय १०० फूट, ४००० चौरस फूट. बिल ४००० चंच होणार, आणि त्यात काही गैर नाही. मात्र तुमची गरज ३६५० वर आली असती तर जेवणाच्या जागेतून थोडी काटछाट करून एक गाळा वाचवता आला असता. गरज नऊ गाळ्यांच्या जरा वर सरकते तेव्हाच हे करून पाहावं, एरवी नाही.

छताबद्दल एकच गोष्ट. पावसाची थोडीही शक्यता असेल तर सपाट छताचा स्वस्त दर मोहात पाडतो, पण एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर, म्हणजे एक किलो पाणी टाकतो. दहा मिलिमीटरची एक सर पडली आणि शंभर चौरस मीटरचं पाणी छतात साचलं तर कापडावर एक टन वजन आलं. जलरोधक कापड लावलंय असं सांगितलं जातं तेव्हा नेमकं हेच विसरतात. न गळणाऱ्या सपाट कापडात पाणी जास्तच साठतं. म्हणून ‘वॉटरप्रूफ आहे का’ यापेक्षा ‘उतार किती आणि पाणी कुठे पडणार’ हा प्रश्न विचारा. उताराच्या छताचा दर जास्त असतो, आणि तो द्यावा.

तिसरी पायरी: दिवसाचा दर फोडून घ्या

दिवसाच्या दरात दोन वेगळे खर्च एकत्र मळलेले असतात. पहिला एकदाच होणारा: माल आणायचा, उभा करायचा, बांधायचा, सोडायचा, परत न्यायचा. यात ट्रक आहे आणि माणसांची मजुरी आहे. दुसरा रोज होणारा: कापड, पाइप, कार्पेट तुमच्याकडे अडकून पडले त्याचं भाडं. एका दिवसाचं लग्न असेल तर हे दोन्ही एकत्र मोजले काय आणि वेगळे मोजले काय, फरक पडत नाही. दोन दिवसांचं असेल तर फार पडतो. ‘दिवसाला इतके’ हा दर सरळ दोनने गुणला की तुम्ही मांडव दोनदा उभा केल्याची मजुरी देता, आणि उभा तर तो एकदाच केलेला असतो.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: ‘उभारणी, वाहतूक आणि उतरवणं यांचं एकदाच किती, आणि त्यानंतर उभ्या मांडवाचं रोजचं भाडं किती?’ काही मालक हसतात, काही म्हणतात आमच्याकडे असं नसतं. मग सौम्यपणे दुसऱ्या वाटेने विचारा: ‘दुसऱ्या दिवसाला किती कमी कराल?’ दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येतं. मी हिशेब लिहायचो तिथे दुसऱ्या दिवसाचा दर निम्म्याच्या आसपास लावायची तयारी नेहमी असे, पण मागणाऱ्यालाच. न मागणाऱ्याच्या बिलात पहिल्या दिवसाचाच दर दुसऱ्यांदा लिहिला जायचा, आणि तो मीच लिहायचो.

यानंतर दिवसाची दोन टोकं ठरवा. उभारणीचा दिवस मोजणार का? शेवटच्या कार्यक्रमानंतर उतरवायला किती तास मोफत? रात्री ११ ला सोहळा संपला तर मांडव त्याच रात्री उतरत नाही. अंधारात, दमलेल्या माणसांना शिडीवर चढवून खांब सोडायला लावणं धोक्याचं आहे, आणि चांगला मालक ते करतही नाही. म्हणजे मांडव तिसऱ्या दिवशी सकाळी उभाच असणार. तो उभा आहे ते त्याच्या सोयीसाठी की तुमच्या, हे लिहिलेलं नसेल तर तो तुमचा दिवस ठरतो.

सजावट याच दिवसाच्या दरात असेल तर तिचेही दोन भाग करा. कापडाच्या झालरी, पडदे, कमानी, झुंबरं परत जातात, म्हणून त्यांचं भाडं असतं. ताजी फुलं परत जात नाहीत. ती विकत घेतलेली असतात. तेव्हा फुलांच्या ओळीला ‘दर दिवशी’ कधीच लागू नये. एकतर दोन्ही दिवसांची फुलं नवी, मग तसं लिहा. नाहीतर पहिल्या दिवशी कापडाची सजावट आणि फुलं फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे. मला स्वतःला दुसरी रीत बरी वाटते, कारण आदल्या संध्याकाळची फुलं दुसऱ्या दिवशी दुपारी फोटोत चांगली दिसत नाहीत.

चौथी पायरी: खुर्च्या

सगळ्यात जास्त घासाघीस खुर्चीच्या दरावर होते, कारण तो आकडा लहान आहे आणि समजतो. आपल्या २५० खुर्च्यांवर दर १ वरून ०.९ वर आणला तर दिवसाला २५ मापं वाचतात, दोन दिवसांना ५०. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

खुर्चीत दराआधी संख्या पाहायची. किमान संख्या आहे का? ‘३०० च्या खाली नाही’ असं असेल तर तुमच्या २५० चे ३०० होतात आणि स्वस्त दर महाग पडतो. कव्हर आणि मागची रिबीन खुर्चीच्या दरात आहे की वेगळी? वेगळी असेल तर ती बहुतेक वेळा खुर्चीइतकीच किंवा जास्त पडते, कारण प्रत्येक वापरानंतर धुवावी लागते. आणि कव्हर सगळ्याच खुर्च्यांना हवं असतं का? जेवणाच्या बाजूच्या खुर्च्यांना मी कधीच घालू देत नाही. तासाभरात ती डागाळतात, आणि त्या डागांचे पैसे नंतर मागितले जातात.

पहिल्या दिवशी १२० माणसं आहेत, मग २५० खुर्च्यांचं भाडं दोन दिवस का द्यायचं? रास्त प्रश्न आहे. उरलेल्या १३० दुसऱ्या दिवशी पहाटे आणा म्हटलं तर १३० मापं वाचतात. पण त्यासाठी गाडीची दुसरी खेप लागते. खेपेचे १०० मापं लावले तर बचत ३० वर येते, आणि त्या बदल्यात तुम्ही लग्नाच्या सकाळी एका ट्रकची वाट बघत उभे राहता. मी ते ३० सोडून देतो. गोदाम शेजारीच असेल आणि खेपेचे पैसे लागत नसतील तर मात्र जरूर करा. तिसराही मार्ग आहे, तो मला जास्त पटतो. सगळ्या खुर्च्या एकदमच आणा, पण १३० पहिल्या दिवशी दहा-दहाच्या थप्प्या लावून बांधलेल्याच राहू द्या, आणि न उघडलेल्या थप्प्यांना पहिल्या दिवशी भाडं लावू नका म्हणा. मालाची धुलाई, झीज काहीच झालेली नसते, म्हणून बरेच मालक निम्म्यावर तयार होतात.

आता मोजणी. ही चूक माझ्या स्वतःच्या घरातल्या लग्नात झाली, हिशेब लिहायचा अनुभव असूनही. माल आला तेव्हा मी जेवणाच्या बाजूचं काहीतरी बघत होतो. पावतीवर २५० लिहिलं होतं, सही केली. परत नेताना रात्री दोन वाजता माणसं थप्प्या उचलत होती आणि एकाने सांगितलं, चौदा कमी आहेत. अंधारात कुठे शोधणार? चौदा नव्या खुर्च्यांची किंमत भरली. दुसऱ्या दिवशी त्यातल्या नऊ स्वयंपाकाच्या जागेमागे सापडल्या. आचाऱ्यांनी भाजी चिरायला नेल्या होत्या. उरलेल्या पाच जेवणवाल्याच्या खुर्च्यांत मिसळून गेल्या असाव्यात, कारण त्याच्याही खुर्च्या त्याच रंगाच्या होत्या. नऊचे पैसे परत मिळाले, तेही निम्मेच.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो. माल उतरताना दहाच्या थप्प्या मोजून घेतो, एकेक खुर्ची नाही. तुटलेली, जळालेली, पाय मुडपलेली दिसली की पावतीवरच तिची नोंद करतो, नाहीतर ती मोड आपल्या नावावर जाते. आणि खुर्चीच्या बुडाला मालकाची रंगाची खूण कोणती आहे ते बघून ठेवतो. बहुतेक मंडपवाले अशी खूण करतातच, आपण फक्त विचारायचं. परतीची मोजणी उजेड पडल्यावर होणार, हेही आधीच लिहून घ्यावं. त्याबरोबर हरवलेल्या किंवा तुटलेल्या एका खुर्चीचे किती, हा आकडाही. घटना घडून गेल्यावर सांगितली जाणारी किंमत नेहमी नव्या खुर्चीची असते, आणि हरवलेली खुर्ची मात्र पाच वर्षं वापरलेली असते.

पाचवी पायरी: दिवे

‘लाइट आमच्याकडून’ या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा मांडवाच्या आतले ठरावीक दिवे, एवढाच असतो. बाकी सगळं जादा. आणि जादा काय लागणार ते कार्यक्रमाच्या संध्याकाळी, अंधार पडायला लागल्यावर कळतं. त्या वेळी पाहुणे दारात असतात, तुम्ही दर विचारत नाही, फक्त ‘लावा’ म्हणता. बिलातला सगळ्यात महाग शब्द हाच.

म्हणून अंधार पडल्यावर एकदा त्या जागेवर जा आणि पाहुण्यासारखं चालत जा. गाडी लावली, उतरलो, फाटकातून आत आलो, वाट, प्रवेशद्वार, आसनं, स्टेज, जेवण, हात धुणं, शौचालय, परत गाडी. जिथे थबकायला होईल तिथे एक दिवा लिहा. मग कामाच्या माणसांसारखं चाला: स्वयंपाक, भांडी, माल उतरायची जागा, जनरेटर.

आतल्या दिव्यांचा अंदाज असा बांधता येतो. ४००० चौरस फूट म्हणजे साधारण ३७० चौरस मीटर. माणसांचे चेहरे आणि ताटातलं नीट दिसावं यासाठी मी दर चौरस मीटरला २०० ल्युमेन धरतो; ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक. म्हणजे ७४,००० ल्युमेन प्रत्यक्ष खाली पोचायला हवेत. कापडात, उंचीत आणि चुकीच्या दिशेत निम्मा उजेड वाया जातो असं धरलं तर दिव्यांमधून दीड लाख निघायला हवेत. १०० वॉटचा चांगला एलईडी फ्लड साधारण १०,००० ल्युमेन देतो. म्हणून आत १५ दिवे. स्टेजला ६, प्रवेशद्वाराला ४, वाटेवर ५, गाड्यांच्या जागेला ४, स्वयंपाकाला ४, शौचालयांपाशी २, जनरेटरपाशी १. एकूण ४१. दरपत्रकात ‘२० दिवे धरून’ असेल तर आपले जादा दिवे २१. हे तीन आठवडे आधी कळलं तर त्यावर बोलता येतं.

शोभेच्या माळा, झाडांवरचे रंगीत दिवे हे या ४१ मध्ये नाहीत. ते वेगळे मागा आणि माळ मीटरने की नगाने ते विचारा. माळ किती लांब हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

दिव्याच्या दरात पाच गोष्टी लपलेल्या असू शकतात: दिवा, स्टँड, केबल, वायरमन रात्रभर हजर राहणं, आणि वीज. पहिल्या चार दरात धरून घ्या. वीज वेगळी पडते आणि तिथे दिव्याचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. ५०० वॉटचा हॅलोजन आणि १०० वॉटचा एलईडी साधारण सारखाच उजेड देतात. हॅलोजन नगाला स्वस्त मिळतो म्हणून कुणी आतले १५ दिवे हॅलोजनचे घेतले तर भार ६ किलोवॉटने वाढतो. आपल्या मांडवात बाकीचा हिशेब असा: ४१ एलईडी दिवे सरासरी १०० वॉटचे धरून ४.१ किलोवॉट, १५० वॉटचे २० उभे पंखे ३, ध्वनियंत्रणा दीड, स्वयंपाकाची यंत्रं १. एकूण ९.६ किलोवॉट.

जनरेटर केव्हीएमध्ये सांगतात. त्याला ०.८ ने गुणलं की साधारण किलोवॉट येतात, आणि त्याला पूर्ण भरायचं नसतं, पाऊण भरला तरी पुष्कळ. २० केव्हीए म्हणजे १६ किलोवॉट. आपले ९.६ त्यात आरामात बसतात. हॅलोजन घेतले तर १५.६ होतात, मग ३० केव्हीए लागतो. डिझेल ढोबळमानाने एका युनिटला ०.३ लिटर, म्हणजे तासाला सुमारे ३ लिटरऐवजी पावणेपाच. स्वस्त दिव्याने मोठा जनरेटर आणला, आणि दीडपटीहून जास्त डिझेल जाळलं. शिवाय हॅलोजनच्या उष्णतेने मांडवात बसवत नाही, मग पंखे वाढतात.

मोठ्या मैदानी दिव्यांत मेटल हॅलाइड नावाचा प्रकार अजून दिसतो. तो विझला की गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आणि त्यात कितीतरी मिनिटं जातात. वीज गेली, जनरेटर दहा सेकंदांत सुरू झाला, तरी मांडव काळोखात. असे दिवे असतील तर निदान काही एलईडी त्यांच्या मध्ये लावून घ्या.

पैसे वाचवताना एका गोष्टीला हात लावू नका. जमिनीवरून जाणाऱ्या केबल झाकलेल्या हव्यात, जोड जमिनीपासून वर हवेत, अर्थिंग हवं, आणि मुख्य बोर्डावर गळती झाली की वीज तोडणारा स्विच हवा. लोखंडी खांब, ओली जमीन आणि लहान मुलं एकाच ठिकाणी असतात. वायरमनला तो स्विच चाचणीच्या बटणाने एकदा पाडून दाखवायला सांगा. पडला नाही तर कार्यक्रमाआधी बदलून घ्या.

सहावी पायरी: दोन दरपत्रकं एका मापात

आता दोन मंडपवाले समोर ठेवू. पहिला म्हणतो: मांडव दिवसाला १२००, खुर्ची १, वीस दिवे मोफत, जादा दिवा रात्रीला १२. दुसरा म्हणतो: उभारणी-उतरवणी एकदाच ७००, मांडवाचं भाडं दिवसाला ६००, खुर्ची १.२, मोफत काही नाही, दिवा रात्रीला ८.

नुसतं ऐकलं तर पहिला स्वस्त. एका दिवसाच्या लग्नाला तो खरंच स्वस्त आहे. मांडव १२००, खुर्च्या २५०, जादा २१ दिवे २५२, एकूण १७०२. दुसऱ्याचे मांडवाचे १३००, खुर्च्या ३००, ४१ दिवे ३२८, एकूण १९२८.

दोन दिवसांना पहिल्याचे मांडवाचे २४००, खुर्च्या ५००, दिवे ५०४, एकूण ३४०४. दुसऱ्याचे मांडवाचे १९००, खुर्च्या ६००, दिवे ६५६, एकूण ३१५६. पारडं फिरलं. खुर्ची महाग असूनही आणि एकही दिवा मोफत नसूनही दुसरा २४८ ने स्वस्त.

आणि आता तिसऱ्या दिवसाची सकाळ. पहिल्या मालकाच्या कागदावर ‘जागा रिकामी होईपर्यंत’ असं लिहिलेलं असेल, तर मांडवाचे आणखी १२०० आणि खुर्च्यांचे आणखी २५० लागतात. ४८५४. एका न विचारलेल्या प्रश्नाचे १४५० मापं. खुर्चीच्या दरात तासभर घासाघीस करून आपण ५० वाचवले होते ते आठवा.

पहिल्या मालकाला सोडायलाच हवं असं नाही. हाच हिशेब त्याच्यासमोर ठेवा आणि दुसऱ्या दिवसाचा मांडव निम्म्यात, तिसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत मोफत, एवढं मागा. दिलं तर त्याचे ३४०४ चे २८०४ होतात आणि पुन्हा तोच स्वस्त ठरतो. माल चांगला असेल तर मी त्याच्याकडेच जाईन.

सातवी पायरी: कागद आणि शेवटची रक्कम

छापील करारनामा लागत नाही. वहीच्या पानावर दोघांच्या सह्यांनी पुरतं, पण वाक्यं अशी हवीत की त्यांचे दोन अर्थ निघणार नाहीत. आपल्या उदाहरणात मी एवढं लिहीन:

‘मांडव ४० बाय १०० फूट, उताराचं छत. पहिल्या दिवशी दुपारी ३ पर्यंत पूर्ण तयार. भाडं दोन दिवसांचं, दुसऱ्या दिवसाचा दर निम्मा. उभारणीचा आणि उतरवण्याचा दिवस धरलेला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत जागा रिकामी करणं मंडपवाल्याकडे. खुर्च्या २५०, येताना आणि जाताना दोघांसमक्ष मोजणी, जातानाची मोजणी सकाळी. दिवे ४१, जागा सोबतच्या नकाशाप्रमाणे, स्टँड, केबल आणि वायरमन धरून. यापुढचा प्रत्येक जादा दिवा १२ मापं, आमच्या घरच्या एकाच ठरलेल्या माणसाने सांगितला तरच.’

शेवटचं वाक्य विसरू नका. लग्नात कुणीही काका, कुणीही भाचा वायरमनला ‘इथे एक लाव रे’ म्हणतो, आणि तो लावतो. त्याचं बिल कुणाच्या सांगण्यावरून झालं हे नंतर कुणालाच आठवत नाही. एका माणसाचं नाव द्या आणि त्याच्या खिशात चिठ्ठ्यांचं पॅड ठेवा. चिठ्ठी नाही तर पैसे नाहीत, हे मंडपवाल्यालाही आवडतं, कारण त्याचाही वाद वाचतो.

जनरेटर तासावर घेतला असेल तर त्यावर चाललेल्या तासांचं मीटर असतं. आला तेव्हाचा आणि जाताना त्यावर दिसणारा आकडा लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढला तरी चालतो. ‘बारा तास चालला’ आणि ‘साडेसात तास चालला’ यातला वाद त्या एका फोटोने मिटतो.

पैसे तीन हप्त्यांत द्या: ठरवताना थोडे, मांडव पूर्ण उभा राहिल्यावर मोठा हिस्सा, आणि सुमारे पाचवा भाग खुर्च्यांची मोजणी झाल्यावर. मांडव उभा राहायच्या आधीच सगळे मागणाऱ्याला मी नाही म्हणतो. आणि खुर्च्या मोजून झाल्या की तो शेवटचा पाचवा भाग तिथल्या तिथे, ट्रक निघायच्या आत देऊन टाका.